एमपीसी की पीआयडी: प्रबंधाच्या विषयाबद्दल मार्गदर्शक सरांना पत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मागच्या भेटीत हीट एक्स्चेंजरवर एमपीसी आणि पीआयडी या दोन कंट्रोलरांची तुलना करणारे माझे आलेख पाहून तुम्ही एकच प्रश्न विचारला होता, "यातला पीआयडी कोणी ट्यून केला?" मी "मीच" म्हणाले आणि तुम्ही हसून पान उलटलंत. त्या हसण्याचा अर्थ लागायला मला नऊ दिवस लागले. समोर बसून सांगायला गेले की माझं बोलणं भरकटतं, म्हणून लिहून देते आहे. शिवाय प्रबंधाचं नाव बदलायची परवानगीही मागायची आहे.

आधी कबुली. मॉडेलवरून पुढचं भाकीत करून चाल ठरवणाऱ्या एमपीसीचे होरायझन आणि वेटं जुळवण्यात मी तीन आठवडे घालवले, पीआयडीला दिली एक दुपार. झीगलर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या तक्त्यात स्टेप टेस्टचे आकडे टाकले, कंट्रोलरचा गेन Kc ९.३ आला, तोच घातला. वॉल्व थरथरत होता, तापमान हेलकावे खात होतं, आणि मी खुशाल लिहून टाकलं की पीआयडी अपुरा आहे. मापाशिवाय शिवलेला सदरा घट्ट होतो म्हणून कापडाला नावं ठेवण्यासारखंच झालं ते.

या नऊ दिवसांत सगळं पुन्हा केलं. थंड पाण्याचा प्रवाह मिनिटाला ६ लिटरवर स्थिर ठेवून गरम पाण्याचा वॉल्व ५० वरून ६० टक्क्यांवर नेला. थंड बाजूचं बाहेर पडणारं पाणी ३८.० वरून ४२.१ अंशांवर गेलं. म्हणजे गेन K टक्क्याला ०.४१ अंश, टाइम कॉन्स्टंट τ ३८ सेकंद, डेड टाइम θ १२ सेकंद. हे १२ सेकंद सगळे एक्स्चेंजरचे नाहीत. तापमान मोजणारा आरटीडी बाहेरच्या नळीत बरंच पुढे बसवलेला आहे, तिथपर्यंत पाणी पोचायलाच त्यातला मोठा वाटा जातो.

त्यानंतर स्कोगेस्टाड यांची २००३ सालची रीत वापरली:

Kc = τ / (K(τc + θ)),  Ti = min(τ, 4(τc + θ)),  τc = θ

Kc आला ३.९ आणि इंटिग्रल टाइम Ti ३८ सेकंद. पहिल्या क्रमाच्या प्रक्रियेला ही रीत डी, म्हणजे डेरिव्हेटिव्ह भाग, देतच नाही, त्यामुळे तो काढून टाकला आणि निम्मी थरथर तिथेच गेली. (यापुढे पीआयडी म्हणते तेव्हा खरं तर पीआय असं समजावं.)

तरी ४० वरून ५० अंशांच्या सेटपॉइंटला ३ अंशांचा ओव्हरशूट उरलाच. याच आलेखाच्या जिवावर मी एमपीसीला डोक्यावर घेतलं होतं, त्यामुळे या ठिकाणी मी दोन दिवस अडकून बसले. शेवटी तापमान बाजूला ठेवून नुसती वॉल्वची नोंद पाहिली. ४० अंशांना वॉल्व ५५ टक्क्यांवर असतो. सेटपॉइंट बदलताच एकट्या प्रपोर्शनल भागाने तो ९४ च्या आसपास उडी मारतो, इंटिग्रल सेकंदाला एकेक टक्का भर घालतो, आणि सहा-सात सेकंदांत वॉल्व १०० वर जाऊन टेकतो. तापमानाला अजून काही पत्ताच नाही, डेड टाइम १२ सेकंदांचा आहे! पुढे वॉल्व जागचा हलत नाही, पण इंटिग्रल आपला साठतच राहतो, आणि तो साठा नंतर उतरवताना ओव्हरशूट होतो. माझ्या कोडमध्ये अँटी-वाइंडअपच नव्हता. एमपीसीला मात्र ० ते १०० ही मर्यादा मी पहिल्या दिवसापासून सांगून ठेवली होती. एका मल्लाचे हात बांधून कुस्ती लावली आणि निकाल लिहायला बसले.

आता या तीन ओळी आहेत:

```
u  = u0 + Kc*e + I
us = min(max(u, 0), 100)
I  = I + dt*(Kc*e/Ti + (us - u)/Tt)
```

Tt २० सेकंद घेतला. ओव्हरशूट ०.९ अंशावर आला. एमपीसीचा ०.६ आहे. एवढ्या फरकावर प्रबंध उभा राहत नाही, हे मला दिसतं आहे.

दुसरी परीक्षा डिस्टर्बन्सची. थंड पाणी एकदम ६ वरून ८ लिटरवर नेलं. एमपीसीला फ्लोमीटरचं वाचन मी आधीपासून देत होते, पीआयडीला नाही. म्हणून या वेळी चारही प्रकार चालवले. फ्लोमीटर नसताना पीआयडी जास्तीत जास्त २.६ अंश घसरला आणि एमपीसी २.७. फ्लोमीटर दिल्यावर पीआयडी १.१ आणि एमपीसी ०.९. पीआयडीचा फीडफॉरवर्ड अगदी साधा आहे: ४० अंश टिकवायला ६ लिटरला ५५ टक्के लागतात आणि ८ लिटरला ६८, म्हणून लिटरमागे साडेसहा टक्के. सरळ गुणाकार, त्यात डायनॅमिक्स काही नाही. तेव्हा माझ्या जुन्या आलेखातला विजय अल्गोरिदमचा कमी आणि फ्लोमीटरचा जास्त होता.

तिसऱ्या परीक्षेत एमपीसी चक्क हरला. गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ४ अंशांनी खाली येऊ दिलं आणि ते दोघांपासूनही लपवलं. पीआयडी ९५ सेकंदांत अर्ध्या अंशाच्या आत परतला, एमपीसीला १५० लागले. आधी वाटलं कोड चुकलं. मग लक्षात आलं की माझा एमपीसी ज्या डीएमसी पद्धतीचा आहे तिच्या गृहीतकात दोष आहे. मोजलेलं तापमान आणि भाकीत यांत आज जो फरक दिसतो तो पुढेही तेवढाच राहील असं ते धरून चालतं. इथे तसं होत नाही. टाकी थंड झाली की परिणाम एक्स्चेंजरमधून हळूहळू वाढत जातो, त्यामुळे दर तीन सेकंदांनी भाकीत थोडं मागेच पडतं आणि कंट्रोलर प्रत्येक वेळी गरजेपेक्षा कमी पाऊल टाकतो. मॉडेलमध्ये डिस्टर्बन्स आउटपुटऐवजी इनपुटच्या बाजूने धरून काल्मन फिल्टरने त्याचा अंदाज घेतला तर हे सुधारायला हवं. ते अजून केलेलं नाही, पण प्रबंधात हवंच असं वाटतं, कारण एमपीसीवरही आता अन्याय नको.

प्रवाह बदलला की मॉडेल बदलतं हा मुद्दा तुम्ही पहिल्याच सत्रात काढला होता. साडेतीन लिटरला गेन ०.६२, टाइम कॉन्स्टंट ५५ आणि डेड टाइम १९ सेकंद निघाला. १० लिटरला तेच आकडे ०.२४, २७ आणि ८. सहा लिटरवर ट्यून केलेला पीआयडी कमी प्रवाहाला हेलकावतो आणि जास्त प्रवाहाला सुस्तावतो. एमपीसी यातून सुटेल अशी माझी समजूत होती. पण त्याचं मॉडेलही सहा लिटरचंच आहे, मग तो कसा सुटणार? प्रवाहानुसार आकडे बदलणं दोघांनाही लागेल. पीआयडीत मात्र ते तीन ओळींच्या तक्त्यात भागतं. वॉल्वच्या दीड टक्क्याच्या अडकण्याबद्दल तर लिहितच नाही, त्याला दोघेही सारखेच बळी पडतात.

एक शंका मी खोडून काढली आहे: गणिताचा वेळ. एमपीसीला दर वेळी सोडवावा लागणारा चार चालींचा क्यूपी लॅपटॉपवर काही मिलिसेकंदांत सुटतो आणि आपण तीन सेकंदांनी सॅम्पल घेतो. तेव्हा "एमपीसी जड आहे" हे कारण आपल्या रिगला लागू नाही, आणि ते मी प्रबंधात पुढे करणार नाही.

मग एमपीसी टाकून द्यायचा का? नाही. १९७९ मध्ये कटलर आणि रामाकर यांनी शेल कंपनीतलं डीएमसीचं काम मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर एक वॉल्व आणि एक थर्मामीटर नव्हता. एकमेकांत गुंतलेली अनेक चलं होती आणि मर्यादेला टेकून चालवायचा प्लांट होता. कारखान्यात एमपीसी बहुधा पीआयडीच्या वर बसतो आणि त्यालाच सेटपॉइंट देतो. मी मात्र एकाच्या जागी दुसरा असा प्रश्न मांडून बसले होते.

आपल्या रिगवर त्याच्या जवळ जाणारी एक जागा आहे. थंड पाण्याची बायपास लाइन. आज तो वॉल्व हाताने फिरवतो. त्याला अ‍ॅक्च्युएटर बसवला तर दोन वॉल्व आणि एक तापमान अशी रचना होईल. बायपासचा परिणाम लवकर दिसतो पण त्याचा आवाका थोडा, गरम वॉल्व मंद पण दमदार. वर अट अशी घालायची की गरम पाण्याचं परतीचं तापमान ५५ अंशांपुढे जाऊ नये. गरम प्रवाह वाढवला की तेही चढतं. पीआयडीने हे करायला मिड-रेंजिंग आणि लो-सिलेक्ट दोन्ही जोडावे लागतील. ते अशक्य नाही, आणि मी ते जोडून दाखवणारच आहे. पण तिथे एमपीसीने अट पाळून बाजी मारली तर तो विजय मला मान खाली न घालता लिहिता येईल. हरला तर तसं लिहीन.

सिनॉप्सिसमधलं नाव "हीट एक्स्चेंजरसाठी एमपीसीची पीआयडीवरील सरसता" असं आहे. निकाल नावातच लिहून टाकला होता. त्याऐवजी "हीट एक्स्चेंजरच्या तापमान नियंत्रणात अल्गोरिदम आणि मापन यांचा वाटा: पीआयडी व एमपीसीची तुलना" असं चालेल का? लांबलचक आहे, तुम्ही कात्री लावालच.

माझ्याकडे सात आठवडे आहेत. अ‍ॅक्च्युएटर बसवून कॅलिब्रेट करायला दोन धरते, काल्मन फिल्टरला एक, प्रयोगांना दोन, लेखनाला दोन. हाताशी एकही दिवस शिल्लक राहत नाही. तुम्हाला हे फार वाटत असेल तर बायपास सोडते आणि पहिल्या तीन परीक्षाच नीट, पाच-पाच वेळा करून लिहिते. वरचे सगळे आकडे एकेका धावेचे आहेत, पीआयडीचा १.१ आणि एमपीसीचा ०.९ यांतला फरक पुन्हा तसाच येईल याची मला स्वतःलाच खात्री नाही. माझा कल बायपासकडे आहे, पण त्यात हौसेचा भाग किती हे तुम्हीच सांगा.

गुरुवारी दुपारी तुम्ही केबिनमध्ये असाल तर वॉल्वच्या नोंदींसकट सगळे आलेख घेऊन येते. जुन्या आलेखांवर लाल रेघ मारली आहे, पण फेकलेले नाहीत. प्रबंधात एक पान त्यांच्यासाठी ठेवावं असं मनात आहे.

आपली विद्यार्थिनी,
मृण्मयी