समोच्च रेषा: नकाशाविना सोडवायचा सराव-संच

नाशिकच्या बारावी भूगोल प्रात्यक्षिकाच्या गटासाठी. या संचाच्या छपाईत नकाशापत्रकाची प्रतिमा राहून गेली. म्हणून जे डोळ्यांनी दिसलं असतं ते प्रत्येक प्रश्नात शब्दांत दिलं आहे. आकडे कल्पित आहेत, पण भूरूप आपल्या भागातलं आहे. प्रमाण 1 : 50,000, म्हणजे कागदावरचा 1 सेमी जमिनीवर 500 मीटर. लागोपाठच्या दोन रेषांत उंचीचा फरक 20 मीटर. चौकटीचा कागद घ्या, वरच्या बाजूला उत्तर दिशा लिहा आणि आधी रेघा काढा, मगच प्रश्नाच्या उत्तराकडे वळा.

प्रश्न 1. अ हा बिंदू 720 मीटरच्या रेषेवर आहे, ब 860 च्या रेषेवर. नकाशावर दोघांतलं सरळ अंतर 2.8 सेमी. उताराचं प्रमाण काढा.

उत्तर: चढ 860 − 720 = 140 मीटर. जमिनीवरचं अंतर 2.8 × 500 = 1400 मीटर. प्रमाण 1 : 10, म्हणजे 10 टक्के, कोन सुमारे 5.7 अंश. इथे हमखास होणारी चूक: 720 पासून 860 पर्यंत रेषा आठ आहेत म्हणून 8 × 20 = 160 धरणं. मोजायची ती रेषांमधली अंतरं, आणि ती सातच आहेत. दुसरी चूक झेरॉक्समुळे होते. पान लहान करून छापलं की 1 : 50,000 हे प्रमाण खोटं ठरतं, पण ग्रीडचा चौकोन लहान झाला तरी जमिनीवर 1 किमीचाच राहतो. मोजपट्टी त्या चौकोनावर ठेवून प्रमाण पुन्हा काढा.

प्रश्न 2. 640, 660, 680 आणि 700 च्या रेषा इंग्रजी V सारख्या वळल्या आहेत. चारही टोकं पश्चिमेकडे आहेत. 640 ची रेषा सर्वांत पूर्वेला, 700 ची सर्वांत पश्चिमेला. हा डोंगराचा सोंड-भाग की दरी? पाणी कुठे वाहील?

उत्तर: दरी. टोकं पश्चिमेकडे, आणि उंचीही पश्चिमेकडेच वाढते. V चं टोक उंच बाजूला असेल तर दरी, सखल बाजूला असेल तर सोंड. पाणी टोकाच्या उलट दिशेला, इथे पूर्वेकडे. गोदावरी आठवा: ब्रह्मगिरीकडून उतरून नाशिकवरून पूर्वेला जाते. तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे V त्यांच्या उगमाकडेच बोट दाखवतात.

आता आकडे उलटे करा, 700 पूर्वेला आणि 640 पश्चिमेला. रेघ एक मिलिमीटरही हलली नाही, पण उत्तर सोंड झालं. संचातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, तो दोन्ही बाजूंनी काढून बघा. आकार पाठ करणारे इथेच अडकतात. आधी आकडे वाचा, आकार मागून.

प्रश्न 3. पायथ्याकडून माथ्याकडे जाताना रेषांमधली अंतरं मिमीमध्ये: 9, 7, 5, 3, 2. उताराचा प्रकार?

उत्तर: अंतर्वक्र. खाली मंद, वर तीव्र. क्रम उलटा असता तर बहिर्वक्र. शेवटचं 2 मिमी म्हणजे 100 मीटरवर 20 मीटर चढ, 1 : 5.

आणि अंतरं 2, 8, 2, 9 अशी आली तर? मोजणी चुकली म्हणून खोडू नका. बसाल्टचे लाव्हाथर एकावर एक साचल्यामुळे आपल्या डोंगरांना असा पायऱ्यांचा उतार असतो. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा.

प्रश्न 4. 880 ची बंद रेषा दोन वेगवेगळ्या 900 च्या बंद रेषांना वेढते. उत्तरेच्या 900 च्या आत 920, 940, 960 अशा आणखी तीन, दक्षिणेच्या आत फक्त 920. मधल्या भागाला काय म्हणाल? शिखरं किती उंच?

उत्तर: मधला भाग खिंड, उंची 880 पेक्षा जास्त, 900 पेक्षा कमी. उत्तरेचं शिखर 960 च्या वर पण 980 च्या खाली, दक्षिणेचं 920 च्या वर पण 940 च्या खाली. "960 मीटर" असं नेमकं लिहिलं तर उत्तर चुकीचं. नेमका आकडा फक्त बिंदू-उंचीवरून मिळतो.

प्रश्न 5. "रेषा दाट आहेत आणि V चं टोक उत्तरेकडे आहे. हे भूरूप कोणतं?" एवढंच दिलं आहे.

उत्तर: उतार तीव्र, हे सांगता येतं. सोंड की दरी हे सांगता येत नाही, कारण एकाही रेषेचा आकडा दिलेला नाही आणि कोणती बाजू उंच ते कळत नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर तर्क लढवू नका. दोन ओळी लिहा: उंची उत्तरेकडे वाढत असेल तर दरी, दक्षिणेकडे वाढत असेल तर सोंड. सोबत दोन छोटी रेखाचित्रं, प्रत्येकात तीन रेषा आणि त्यांचे आकडे.