सदनिका क्र. 402 मधील भिंतींना आलेली ओल व बुरशी : वॉटरप्रूफिंगचे काम करून त्याची तारीख कळविण्याबाबत

दिनांक : 1 सप्टेंबर 2025
डोंबिवली (पूर्व)

प्रति,
मा. श्री. देशपांडे,
नाशिक

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या डोंबिवलीतील चौथ्या मजल्यावरील सदनिकेत मी फेब्रुवारी 2024 पासून लिव्ह अँड लायसन्स कराराने कुटुंबासह राहत आहे. यंदाच्या पावसाळ्यात घराला आलेल्या ओलीविषयी जुलैमध्ये मी आपल्याशी दोनदा फोनवर बोललो आणि फोटोही पाठवले होते. ‘पाऊस थांबला की बघू’ असे आपण म्हणाला होतात. परंतु 18 व 19 ऑगस्टच्या मुसळधार पावसानंतर परिस्थिती बरीच बिघडल्याने हे लेखी कळवीत आहे.

बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर खिडकीपासून छतापर्यंत ओल पसरली असून छताच्या कोपऱ्यात प्लास्टर फुगले आहे आणि पुट्टीचे पोपडे रोज अंथरुणावर पडतात. त्याच भिंतीला लागून आपले लाकडी कपाट आहे. ते गणपतीच्या आवराआवरीसाठी अर्धा फूट पुढे ओढले, तेव्हा मागे कंबरेइतक्या उंचीपर्यंत काळी-हिरवी बुरशी दिसली, आणि कपाटाची मागची प्लाय इतकी मऊ झाली आहे की बोटाने दाबली तरी आत जाते. आतील कपड्यांवर पांढरे ठिपके पडले आहेत. बुरशी मी दोन वेळा ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून काढली, पण आठ-दहा दिवसांत ती पुन्हा उगवते, कारण मुळात भिंतच वाळत नाही. माझ्या आईला दम्याचा त्रास असल्याने तिचे अंथरूण आम्ही हॉलमध्ये हलवले आहे. याच भिंतीवरील स्विचबोर्ड ओलसर लागत असल्याने इलेक्ट्रिशियनला बोलावून त्याची जोडणी बंद करून घेतली असून त्याच्या पावतीचे 450 रुपये मी सध्या तरी माझ्याकडूनच दिले आहेत.

ही ओल नळाच्या गळतीची नाही, हे मुद्दाम नमूद करतो. या भिंतीला लागून बाथरूम किंवा पाण्याचा पाइप नाही, आणि मध्ये चार दिवस उघडीप होती तेव्हा डाग वाढला नाही. वॉचमनला घेऊन मी गच्चीवर जाऊन पाहिले. आमच्या बेडरूमच्या वर पाण्याचे डबके साचते, कठड्याच्या कडेचा सिमेंटचा गोलसर वाटा जागोजागी सुटला आहे आणि बाहेरच्या बाजूने छज्जाखालून एक तिरपी चीर थेट खाली आली आहे. मी या कामातला जाणकार नाही, तेव्हा नेमके कारण एखाद्या माहीतगार कंत्राटदारानेच पाहून सांगावे. मात्र गेल्या वर्षी दिवाळीआधी आपण याच भिंतीला रंग लावून दिला होता आणि तो सहा महिनेही टिकला नाही. त्यामुळे या वेळी पुन्हा केवळ रंगावर भागवू नये, ही विनंती.

करारातील कलम 9 प्रमाणे इमारतीच्या बांधकामाशी संबंधित दुरुस्ती आपल्याकडे आहे. गच्चीतून होणारी गळती आदर्श उपविधींनुसार सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, हे आपणांस ठाऊक असेलच. परंतु सभासद आपण आहात. मी चिटणिसांना भेटलो असता त्यांनी ‘मालकांचा अर्ज आणा’ एवढेच सांगितले. तरी आपण सोसायटीकडे लेखी तक्रार या आठवड्यातच द्यावी. खर्च कोणी करायचा हे आपण व सोसायटी ठरवालच, पण त्या चर्चेत हा मोसमच निघून जाऊ नये.

पावसात पक्के वॉटरप्रूफिंग होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तूर्त गच्चीच्या त्या भागावर ताडपत्री घालून चीर तात्पुरती बुजवून मिळावी. त्यानंतर गच्चीचा कोबा व वाटे नव्याने करणे, बाहेरील भिंतीची चीर खोदून भरणे, वर पाणी साठवून गळतीची चाचणी घेणे आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच आतील प्लास्टर व रंग करणे, असे काम व्हावे. दिवाळीत मजूर गावी जातात हे लक्षात घेऊन काम उशिरात उशिरा सोमवार, दि. 27 ऑक्टोबर रोजी सुरू व्हावे, अशी माझी अपेक्षा आहे. आपणांस दुसरा दिवस सोयीचा असल्यास तो कळवावा, पण तारीख निश्चित असावी.

ताडपत्रीचे काम केव्हा होईल आणि पक्के काम कोणत्या तारखेला सुरू होऊन केव्हा संपेल, हे कृपया 10 सप्टेंबरपर्यंत लेखी अथवा व्हॉट्सअॅपवर कळवावे. पाहणीसाठी कोणी येणार असल्यास रविवारी मी दिवसभर घरी असतो. इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर यावे. कामाच्या काळात बेडरूम रिकामी करून देण्याची माझी तयारी आहे. सप्टेंबरचे भाडे नेहमीप्रमाणे 5 तारखेला आपल्या खात्यात जमा करीत आहे.

सोबत : भिंत, कपाट व गच्चीचे 11 फोटो आणि इलेक्ट्रिशियनची पावती.

आपला नम्र,
सुनील जाधव
सदनिका क्र. 402