मध्यस्थी रोल-प्ले : कोथरूडचा बंगला

वेळ 45 मिनिटे. गुण 40. विद्यार्थी मध्यस्थाच्या भूमिकेत.

तिघांनाही माहीत असलेली हकीकत
वडिलांनी 1986 साली स्वकमाईतून कोथरूडला बंगला बांधला. मृत्युपत्र न करता ते 2018 साली गेले. वारस तिघे : आई, दादा आणि ताई. आई दादाकडे, त्याच बंगल्यात राहते. बिल्डरने पुनर्विकासाचा प्रस्ताव दिल्यावर दादाने ताईसमोर हक्कसोडपत्र ठेवले. तिने सही केली नाही आणि शिवाजीनगर न्यायालयात वाटपाचा दावा लावला. न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले आहे.

दादाची बंद चिठ्ठी
वडिलांच्या आजारपणात तुम्ही कर्ज काढले, ते अजून फिटलेले नाही. ताईला हे ठाऊक नाही. ही गोष्ट फक्त स्वतंत्र बैठकीतच सांगा, तीही मध्यस्थाने नीट विचारले तरच.

ताईची बंद चिठ्ठी
पैशाची निकड नाही. 'लग्नात तुझं देऊन झालंय' हे दादाचे वाक्य मनात सलते आहे. तो पुन्हा तसे बोलला तर उठून जायला निघा.

आईची भूमिका
दोघांसमोर गप्प राहा. एकटीला विचारले तर म्हणा, "मला म्हातारपणी घर बदलायचं नाही रे."

मध्यस्थासाठी
हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे इथे तिघांचा समान, म्हणजे एक तृतीयांश हिस्सा होतो, हे तुम्हाला येते. ते सांगायचा मोह होईल. सांगू नका. हिस्सा ठरवणे हे न्यायाधीशाचे काम आहे. दादाने "कायदा काय म्हणतो?" असे विचारले तर त्याला वकिलाकडे पाठवा आणि "तुम्हाला या घरातून काय हवंय?" असा उलट प्रश्न करा. मध्यस्थता कायदा, 2023 नुसारही मध्यस्थ तडजोड लादू शकत नाही.

सुरुवातीला स्वेच्छा, गुप्तता आणि स्वतःची तटस्थता साध्या मराठीत समजावा, आईलाही कळेल अशी. दादाला 'दादा' आणि ताईला 'मॅडम' म्हणालात तर तिथेच तोल गेला. दोघांनाही अहो-जाहो करा. ताई उठली की तिला थांबवायची घाई नको. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत परत सांगून पाहा. कर्जाची गोष्ट दादाच्या संमतीशिवाय ताईपर्यंत पोहोचली, तर गुप्ततेचे सगळे गुण जातील. आईला एकटीला भेटायचे, हे कोणी सुचवणार नाही.

गुण
प्रारंभिक निवेदन 8, ऐकणे व प्रश्न 14, स्वतंत्र बैठका व गुप्तता 10, तटस्थता 8. तडजोड झाल्याबद्दल एकही गुण नाही, न झाल्याबद्दल कपातही नाही. चाळिसाव्या मिनिटाला घंटा होईल. उरलेल्या पाच मिनिटांत कशावर एकमत झाले, काय बाकी राहिले आणि पुढची बैठक कधी, हे तिघांसमोर मोठ्याने सांगा व तिघांचा होकार घ्या.