धरमतर खाडीकाठच्या खारजमिनींत खारटपणा शिरण्याच्या वाटा : संशोधन अनुदान प्रस्तावाचा मराठी अनुवाद

अनुवादाविषयी

मूळ प्रस्ताव निधीदात्या संस्थेकडे इंग्रजीत सादर झाला आहे. हा अनुवाद अलिबाग आणि पेण तालुक्यांतील संबंधित ग्रामसभांपुढे ठेवण्यासाठी केला असून त्यात मूळातील एकही कलम, रक्कम किंवा मुदत गाळलेली नाही. ज्या जमिनीवर काम होणार आहे तिच्या मालकांना अंदाजपत्रकही वाचता आले पाहिजे, म्हणून तक्ते संक्षेपाने न देता पूर्ण दिले आहेत. सर्व रकमा रुपयांत आहेत. मातीच्या व पाण्याच्या क्षारतेचे एकक डेसीसायमन प्रति मीटर आहे. पुढे त्यासाठी ‘डेसीसायमन’ एवढेच लिहिले आहे. दोन मजकुरांत तफावत आढळल्यास आर्थिक बाबींत मूळ मजकूर आणि शेतकऱ्यांच्या संमतीच्या बाबींत हा मराठी मजकूर ग्राह्य धरावा, अशी विनंती अर्जदारांनी निधीदात्या संस्थेला केली आहे.

१. प्रस्तावाची ओळख

अर्जदार : महाविद्यालयाचा मृदाविज्ञान विभाग, अलिबाग
कालावधी : १ एप्रिल २०२६ ते ३० सप्टेंबर २०२८ (३० महिने)
मागणी : २८,३७,५०० रुपये
क्षेत्र : धरमतर खाडीकाठच्या तीन बंदिस्त्या. ग्रामसभांची लेखी संमती मिळेपर्यंत त्यांचा उल्लेख ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ असा केला आहे.

२. प्रश्न आणि त्याचे समर्थन

खारेपाटातील भातशेती बांधाच्या भरवशावर उभी आहे. बाहेर खाडी, मध्ये मातीचा बांध, बांधात पावसाचे पाणी सोडण्यासाठी उघाडी आणि आत भाताची खाचरे, ही रचना येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. जोळ पद्धतीने गावकरी एकत्र येत आणि बांधाला खांड पडली की पुढचे उधाण येण्याआधी ती बुजवीत. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्यानंतर आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्यानंतर बांधांच्या देखभालीत शासनाची भूमिका वाढत गेली आणि सामूहिक दुरुस्तीची ही सवय अनेक ठिकाणी क्षीण झाली.

आज एखादे खाचर नापीक झाले की कारण म्हणून ‘खारे पाणी शिरले’ एवढेच नोंदवले जाते. हे उत्तर अपुरे आहे. खारटपणा शेतात निदान चार वाटांनी येतो : बांध फुटून किंवा बांधावरून पाणी जाऊन, उघाडीची दारे नीट न बसल्यामुळे प्रत्येक भरतीला थोडे थोडे पाणी आत येऊन, बांधाच्या पायथ्यातून झिरपून, आणि उन्हाळ्यात खालच्या खाऱ्या भूजलातील क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागावर चढून. फुटलेला बांध सर्वांना दिसतो. उरलेल्या तीन वाटा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि प्रत्येकीवरचा उपाय निराळा आहे. उघाडी गळत असेल तर तिची दारे आणि बैठक दुरुस्त करावी लागते, व तो खर्च बांधाच्या खर्चाच्या मानाने लहान असतो. पायथ्यातून झिरप असेल तर बांध उंच करून काहीही साधत नाही. क्षार खालून चढत असतील तर कापणीनंतर जमीन नांगरून किंवा पेंढ्याने झाकून बाष्पीभवन रोखणे आणि पहिल्या पावसाचे पाणी खाचरात अडवून क्षार धुऊन काढणे, हे शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातातले उपाय आहेत. वाट न ओळखता केलेली दुरुस्ती पैसा खर्च करते आणि शेत नापीकच ठेवते. हा फरक मोजून दाखवणे हे या संशोधनाचे एकमेव उद्दिष्ट आहे.

भातासाठी सर्वमान्य असलेल्या मापानुसार मातीच्या संपृक्त अर्काची क्षारता ३ डेसीसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटू लागते आणि पुढील प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्के घट होते. ४ डेसीसायमनच्या वरची जमीन शास्त्रीय वर्गीकरणात क्षारयुक्त ठरते. कोकणातला पाऊस वरच्या थरातील क्षार धुऊन काढतो, म्हणूनच या जमिनीत खरिपाचे भात घेता येते. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने काळा राता, भुरा राता यांसारख्या स्थानिक भातांवर काम केले आणि पनवेल १, २ व ३ हे क्षारसहिष्णू वाण दिले. तथापि सहिष्णू वाणालाही मर्यादा असते. मध्येच पावसाने दडी मारली आणि त्याच वेळी उघाडी गळत असली तर कोणतेही वाण पुरे पडत नाही.

विलंबाचा आणखी एक परिणाम येथे स्पष्ट नोंदवणे आवश्यक आहे. खांड दीर्घकाळ उघडी राहिली की आतल्या जमिनीत कांदळवन रुजते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या तोडीला मनाई केली आहे. त्यामुळे अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे व्यवहारतः अशक्य होते. आमच्या मते हे संरक्षण योग्यच आहे, कारण बांधाबाहेरचे कांदळवन लाटांचा जोर मोडून बांधालाच वाचवते. या प्रकल्पात एकही झाड तोडले जाणार नाही. मात्र शेत वाचवायचे असेल तर ते कांदळवन रुजण्याआधी वाचवावे लागते, आणि त्यासाठी लागणारे निदान वेळेत हाती असावे लागते.

३. कार्यपद्धती

प्रत्येक बंदिस्तीत बांधाला काटकोनात पाच रेषा आखल्या जातील आणि प्रत्येक रेषेवर बांधापासून १०, ५०, १५० व ३०० मीटर अंतरावर एक याप्रमाणे २० ठिकाणे निश्चित होतील. प्रत्येक ठिकाणी ० ते १५ आणि ३० ते ४५ सेंटिमीटर अशा दोन खोलींवरील माती घेतली जाईल, म्हणजे तीन बंदिस्त्यांतून एका फेरीत १२० नमुने होतील. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी या क्रमाने एकूण नऊ फेऱ्या होतील. सर्व नमुन्यांची तपासणी एकास दोन या प्रमाणातील अर्काने होईल. परंतु वर दिलेली मर्यादा संपृक्त अर्कासाठी असल्यामुळे प्रत्येक सहाव्या नमुन्याचा संपृक्त अर्कही तपासला जाईल, जेणेकरून दोन्ही मापांचा मेळ येथील मातीसाठीच बसवता येईल.

प्रत्येक बंदिस्तीच्या एका उघाडीवर खाडीच्या बाजूला एक आणि शेताच्या बाजूला एक असे पाण्याची पातळी व क्षारता दर १५ मिनिटांनी नोंदवणारे यंत्र बसवले जाईल. आतली क्षारता बाहेरच्या भरतीच्या तालावर वरखाली होत असेल तर उघाडी गळते आहे. क्षारता बांधालगत जास्त आणि आत जाताना क्रमाने कमी होत असेल तर झिरप आहे. उन्हाळ्यात बांधापासूनच्या अंतराचा संबंध न राहता सर्वत्र वरचा थर खालच्या थरापेक्षा खारट होत असेल तर क्षार खालून चढत आहेत. प्रत्यक्षात या वाटा एकमेकींत मिसळलेल्या असणार, म्हणून निष्कर्षात कोणत्या वाटेचा वाटा अधिक, हे प्रत्येक बंदिस्तीसाठी स्वतंत्रपणे मांडले जाईल. नोव्हेंबर २०२६ आणि नोव्हेंबर २०२७ मध्ये त्याच ठिकाणी पीक कापणी प्रयोग घेऊन उत्पन्नाशी पडताळा घेतला जाईल. खरिपाचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या सोयीने चालेल, प्रकल्पाच्या नव्हे.

४. कामाचे वेळापत्रक

| कालावधी | काम | हाती येणारी गोष्ट |
|---|---|---|
| एप्रिल ते मे २०२६ | १ मेच्या ग्रामसभांत मांडणी, लेखी संमती, रेषांची आखणी, पावसाआधी पहिली माती फेरी | संमतिपत्रे, ठिकाणांचा नकाशा |
| जून ते सप्टेंबर २०२६ | यंत्रांची खरेदी व जुळणी, निरीक्षकांचे प्रशिक्षण, ऑगस्टची फेरी | चालू यंत्रे, नोंदवह्या |
| ऑक्टोबर २०२६ ते मार्च २०२७ | यंत्रे उघाड्यांवर बसवणे, बांधाची उंची मोजणे, दोन फेऱ्या, पहिली पीक कापणी | पहिला वार्षिक अहवाल |
| एप्रिल २०२७ ते मार्च २०२८ | चार फेऱ्या, यंत्रांच्या अखंड नोंदी, दुसरी पीक कापणी | प्रत्येक बंदिस्तीचे तात्पुरते निदान |
| एप्रिल ते सप्टेंबर २०२८ | मेची अखेरची फेरी, विश्लेषण, ग्रामसभांत वाचन, अंतिम अहवाल | मराठी व इंग्रजी अहवाल |

पावसाळ्यात बाहेरच्या बांधावर चालणे धोक्याचे असते. मुंबई आणि परिसरात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते तेव्हा कोणीही बांधावर जाणार नाही; त्या दिवसांची नोंद यंत्रेच करतील. एखादी फेरी त्यामुळे लांबली तर पुढच्या भांगाच्या दिवसांत ती पूर्ण होईल.

५. अंदाजपत्रक

| बाब | २०२६-२७ | २०२७-२८ | २०२८-२९ (सहा महिने) | एकूण |
|---|---|---|---|---|
| प्रकल्प सहायक (१) | ३,३६,००० | ३,३६,००० | १,६८,००० | ८,४०,००० |
| गावातील निरीक्षक (३) | २,१६,००० | २,१६,००० | १,०८,००० | ५,४०,००० |
| उपकरणे | ४,५६,००० | ० | ० | ४,५६,००० |
| माती तपासणी | १,२०,००० | १,२०,००० | ३०,००० | २,७०,००० |
| प्रवास व होडी | १,०८,००० | १,०८,००० | ५४,००० | २,७०,००० |
| ग्रामसभा, प्रशिक्षण, छपाई | ४०,००० | ४०,००० | ९०,००० | १,७०,००० |
| किरकोळ | ३०,००० | ३०,००० | १५,००० | ७५,००० |
| बेरीज | १३,०६,००० | ८,५०,००० | ४,६५,००० | २६,२१,००० |
| संस्थात्मक खर्च | ८५,००० | ८५,००० | ४६,५०० | २,१६,५०० |
| एकूण मागणी | १३,९१,००० | ९,३५,००० | ५,११,५०० | २८,३७,५०० |

६. खर्चाचे समर्थन

प्रकल्प सहायकाचे मानधन दरमहा २८,००० रुपये आहे. प्रत्येक निरीक्षकाला दरमहा ६,००० रुपये मिळतील. आठवड्यातून दोनदा, शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास रोज, उघाडीवर जाऊन पाणी मोजणे हे त्याचे काम आहे. निरीक्षक त्या त्या गावातलाच असावा, ही आमची अट आहे. उघाडीचे दार कधी अडकते, पाणी कोणत्या कोपऱ्यातून येते, हे तिथल्या माणसाला ठाऊक असते. हे ज्ञान विनामोबदला मागणे आम्हाला योग्य वाटत नाही.

उपकरणांत प्रत्येकी ६५,००० रुपयांची सहा नोंदयंत्रे (३,९०,००० रुपये) आणि प्रत्येकी २२,००० रुपयांचे तीन हातात धरण्याजोगे क्षारतामापक (६६,००० रुपये) आहेत. नोंदयंत्रांची संख्या कमी करण्याची सूचना परीक्षणात येऊ शकते, म्हणून आमची भूमिका आताच मांडतो : यंत्रे जोडीने नसतील तर आतल्या बदलाचा संबंध बाहेरच्या भरतीशी लावता येणार नाही आणि मुख्य प्रश्नच अनुत्तरित राहील. निधी कमी पडल्यास एक बंदिस्ती वगळावी, परंतु जोडी मोडू नये.

माती तपासणीचा खर्च १,०८० नमुने आणि प्रत्येकी सरासरी २५० रुपये असा धरला आहे. शेवटच्या वर्षातील छपाईची रक्कम मोठी आहे, कारण संमती देणाऱ्या प्रत्येक खातेदाराला मराठी अहवालाची प्रत मिळणार आहे. संस्थात्मक खर्च उपकरणे वगळून उरलेल्या बेरजेच्या १० टक्के आहे. प्रयोगशाळा, उंची मोजण्याची साधने आणि प्रमुख संशोधकाचा वेळ महाविद्यालय स्वतःकडून देईल.

७. संमती, माहितीचा वापर आणि हस्तांतर

अलिबाग-पेण भागात जमिनीला उद्योग आणि घरबांधणी या दोन्हींची मागणी आहे. एखाद्या गट क्रमांकाची जमीन खारट असल्याचे जाहीर झाले तर त्या माहितीचा उपयोग भाव पाडण्यासाठी होऊ शकतो. म्हणून गट क्रमांकानिहाय आकडे फक्त त्या खातेदाराला दिले जातील. प्रकाशित अहवालात केवळ बंदिस्तीची सरासरी आणि बांधापासूनच्या अंतरानुसार मांडणी असेल. कोणताही खातेदार कारण न देता कधीही संमती मागे घेऊ शकेल आणि त्याच्या शेतातील नोंदी काढून टाकल्या जातील.

प्रकल्प संपल्यावर तिन्ही क्षारतामापक संबंधित ग्रामपंचायतींकडे राहतील आणि ते वापरण्याचे व जुळवण्याचे प्रशिक्षण अखेरच्या सहा महिन्यांत दिले जाईल. नोंदयंत्रे महाविद्यालयाकडे राहतील, परंतु ग्रामपंचायतीने मागणी केल्यास पुढील खरिपासाठी ती विनाशुल्क त्याच उघाड्यांवर बसवली जातील. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब आणि संबंधित ग्रामसभेत अहवाल वाचून दाखवल्याचे इतिवृत्त सादर केल्यानंतरच मागितला जाईल.