हस्तांतरण शुल्कापोटी मर्यादेपेक्षा जास्त घेतलेले 1,47,000 रुपये परत मिळण्याबाबत

दांडिया बाजार, वडोदरा 390001
दिनांक : 8 डिसेंबर 2025

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव व मा. खजिनदार,
व्यवस्थापक समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था,
कोथरूड, पुणे 411038

संदर्भ : बी विंग, सदनिका क्र. 304, सचिवांचा 23 ऑगस्ट 2025 चा व्हॉट्सॲप संदेश, संस्थेच्या 29 ऑगस्ट 2025 च्या दोन पावत्या, माझा 20 ऑक्टोबर 2025 चा ईमेल.

महोदय,

बी विंगमधील 304 क्रमांकाची सदनिका मी आणि माझ्या मुलाने मिळून 86,00,000 रुपयांना विकत घेतली. करारनाम्याची नोंदणी 18 ऑगस्ट 2025 रोजी झाली. ऑक्टोबरमध्ये भाग दाखल्यावर आमची नावे चढली आणि आम्ही आपल्या संस्थेचे सभासद झालो. हस्तांतरणाच्या वेळी संस्थेने आमच्याकडून एकूण 1,72,600 रुपये घेतले. त्यातले 1,47,000 रुपये घेण्याचा संस्थेला अधिकार नव्हता, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ती रक्कम कोणत्या आधारावर घेतली ते संस्थेने लेखी कळवावे आणि रक्कम परत करावी, यासाठी हे पत्र आहे.

पैसे कसे घेतले गेले ते आधी लिहिते, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

घरासाठी मुलाने कर्ज काढले होते. कर्जाची रक्कम देण्यापूर्वी बँकेला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे होते, आणि विक्रेत्यांना 5 सप्टेंबरपर्यंत पूर्ण पैसे देण्याचे आम्ही करारात कबूल केले होते. आम्ही प्रमाणपत्र मागितले तेव्हा 23 ऑगस्टला सचिवांचा संदेश आला : "व्यवहाराच्या रकमेच्या 2 टक्के भरा, मग एनओसी तयार होईल." 86 लाखांचे दोन टक्के म्हणजे 1,72,000. एवढी रक्कम कशी, असे मी फोनवर विचारले. सगळ्यांकडून हीच पद्धत आहे, एवढेच उत्तर मिळाले. 27 तारखेला घरी गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. 28 ला विसर्जन करून मी रात्रीच्या गाडीने निघाले आणि 29 ला सकाळी आपल्या कार्यालयात चेक घेऊन आले.

तिथे माझ्यापुढे एक छापील पत्र ठेवले गेले. "संस्थेच्या इमारत विकास निधीस मी स्वखुशीने देणगी देत आहे" असा त्यातला मजकूर होता आणि रकमेची जागा तेवढी पेनाने भरलेली होती. त्यावर सही केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही असे सांगण्यात आले. मी सही केली. आमचा हात दगडाखाली होता. मुदत पाळली नसती तर विसाराचे पाच लाख रुपये धोक्यात आले असते. प्रमाणपत्र 1 सप्टेंबरला मिळाले.

त्या दिवशी मिळालेल्या दोन पावत्या माझ्याकडे आहेत. पहिलीत हस्तांतरण अधिमूल्य 25,000, हस्तांतरण शुल्क 500 आणि प्रवेश शुल्क 100, अशा नोंदी आहेत. दुसरीत "इमारत विकास निधी – ऐच्छिक देणगी" या शीर्षाखाली 1,47,000 रुपये आहेत. मी 34 वर्षे बँकेत नोकरी केली, त्यामुळे आकड्यांकडे बघण्याची सवय अजून सुटलेली नाही. 25,000 आणि 1,47,000 यांची बेरीज बरोबर 1,72,000 होते, म्हणजे संदेशात मागितलेले दोन टक्के, रुपयाचाही फरक नाही. देणगी मी माझ्या मनाने ठरवली असती तर पाच हजार दिले असते, अकरा हजार दिले असते. 1,47,000 हा आकडा माझ्या मनात आलाच कसा असता? एका ठरवलेल्या रकमेतून कायद्याने घेता येणारे पंचवीस हजार वजा केले आणि जे उरले त्याला देणगी हे नाव दिले.

आता नियमाबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79अ खाली राज्य शासनाने 9 ऑगस्ट 2001 रोजी काढलेल्या आदेशानुसार महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा दर सर्वसाधारण सभेने ठरवायचा असतो, पण ठरवताना ही कमाल मर्यादा सभेलाही ओलांडता येत नाही. कोथरूड पुणे महानगरपालिकेत आहे, तेव्हा आपल्याला लागू होणारा आकडा हाच. व्यवहार 86 लाखांचा असो की दोन कोटींचा, मर्यादा टक्केवारीने वाढत नाही. याखेरीज देणगी म्हणून, इतर कुठल्या निधीसाठी किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली विकणाऱ्याकडून वा घेणाऱ्याकडून जादा रक्कम वसूल करू नये, हेही आदर्श उपविधींमध्ये हस्तांतरणाच्या कलमातच सांगितले आहे. पावतीवरचे शीर्ष बदलल्याने वसुलीचे स्वरूप बदलू नये, यासाठीच ते वाक्य तिथे आहे असे मी समजते.

जास्त घेतलेल्या रकमेचे काय करायचे, हेही न्यायालयात येऊन गेले आहे. सिंध को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या प्राप्तिकर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितले की, उपविधी किंवा शासनाच्या निर्देशांनुसार घेता येते त्यापेक्षा जास्त रक्कम संस्थेने घेतली असेल तर ती परत करणे संस्थेवर बंधनकारक आहे. ती ठेवून घेतली तर तो नफा ठरेल आणि तेवढ्या रकमेवर कर लागेल. व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात 12 मार्च 2018 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हस्तांतरण शुल्कावर कर लागत नाही हे तत्त्व कायम केले. पण ही सवलत सभासदांनी एकमेकांसाठी नियमाने दिलेल्या वर्गणीला आहे. खजिनदारांनी हा मुद्दा संस्थेच्या लेखापरीक्षकांना जरूर दाखवावा. माझ्यासारख्या आणखी किती जणांच्या "देणग्या" या निधीत जमा आहेत ते मला माहीत नाही. संस्थेला नक्की माहीत असेल.

माझ्या ईमेलला लेखी उत्तर आले नाही. सचिवांनी 3 नोव्हेंबरला फोन केला, त्यात तीन गोष्टी सांगितल्या. त्यांना इथे उत्तर देते, म्हणजे पुन्हा तोंडी चर्चा करावी लागणार नाही.

पहिली, "तुमच्या गुजरातेत वेगळे नियम असतील." मी वडोदऱ्यात राहते हे खरे, पण संस्था पुण्यात नोंदलेली आहे आणि तिला महाराष्ट्राचाच कायदा लागू होतो. विषय निघालाच म्हणून सांगते, गुजरात सरकारनेही आता व्यवहाराच्या अर्धा टक्का किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मर्यादा घातली आहे. त्या हिशेबानेसुद्धा माझ्या व्यवहारावर 43,000 झाले असते.

दुसरी, "आजवर सगळ्यांनी दिले, कोणी तक्रार केली नाही." घर घेताना माणूस इतक्या बाजूंनी अडलेला असतो की तो देऊन मोकळा होतो, आणि नंतर ज्यांच्या शेजारी राहायचे त्यांच्याशी कशाला वाकडे घ्यायचे म्हणून गप्प बसतो. मीही दीड महिना गप्प होते. पण त्यामुळे चुकीची वसुली बरोबर ठरत नाही.

तिसरी, इमारत जुनी आहे, लिफ्ट बदलायची आहे, रंगकाम राहिले आहे, पैसे कुठून आणायचे? हे मात्र मी मनापासून समजू शकते. लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना माझे गुडघे काय म्हणतात ते मी अनुभवले आहे. त्या खर्चासाठी दुरुस्ती निधी आहे, सिंकिंग फंड आहे, आणि तेही अपुरे असतील तर सर्वसाधारण सभेत ठराव करून सगळ्या सभासदांकडून वर्गणी घेता येते. तशी वर्गणी ठरली तर 304 चा हिस्सा पहिल्या आठवड्यात जमा होईल, हे मी लिहून देते. लिफ्ट सगळ्यांची आहे. तिचा खर्च दाराशी आलेल्या नव्या माणसाकडून, तो सभासद व्हायच्या आत, त्याला सभेत बोलण्याचा हक्क मिळण्याच्याही आत वसूल करणे मला मान्य नाही.

हे 1,47,000 रुपये माझ्या निवृत्तीच्या पैशातल्या मुदत ठेवीचे आहेत. ठेव मुदतीआधी मोडावी लागली. यजमान गेल्यानंतर मुलाजवळ राहायला यायचे ठरले, तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बदलण्यासाठी आणि न्हाणीघरात धरायचे दांडे बसवण्यासाठी ती बाजूला ठेवली होती. ती कामे अजून व्हायची आहेत, म्हणून मी अजून वडोदऱ्यातच आहे.

तरी माझी विनंती अशी : दोन टक्के किंवा इमारत विकास निधीची देणगी घेण्याचा ठराव ज्या सर्वसाधारण सभेत झाला असेल, तिचे इतिवृत्त आणि ठरावाची प्रत मला द्यावी. अधिमूल्याचा 25,000 चा दर ठरवणारा ठरावही सोबत द्यावा. ते 25,000, शुल्काचे 500 व प्रवेशाचे 100 रुपये मी परत मागत नाही, पण सभासद म्हणून तो ठराव पाहण्याचा मला हक्क आहे. प्रतींचे नियमाप्रमाणे शुल्क मी भरेन. आणि 1,47,000 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत माझ्या त्याच बँक खात्यात जमा करावेत, ज्याचा चेक संस्थेने 29 ऑगस्टला वटवला. रक्कम मुदतीत आली तर मी व्याज मागणार नाही. ती संस्थेच्या मासिक देखभाल बिलात वळती करू नये. मला सरळ परतावा हवा आहे.

समितीला हा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा असल्यास तारीख कळवावी, मी पुण्याला येईन. 30 दिवसांत लेखी खुलासा आणि रक्कम न मिळाल्यास मी उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करेन, आणि गरज पडल्यास सहकार न्यायालयात दाद मागेन. त्या वेळी 23 ऑगस्टचा संदेश, दोन्ही पावत्या आणि छापील देणगीपत्राचा त्याच दिवशी काढलेला फोटो सादर करेन. तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही. मला या इमारतीत राहायला यायचे आहे आणि जिन्यात भेटल्यावर आपणा सर्वांशी मोकळेपणाने बोलायचे आहे.

हे पत्र स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पाठवत आहे. एक प्रत मुलगा संस्थेच्या कार्यालयात आणून देईल. तिच्यावर शिक्का व तारीख घालून पोच द्यावी.

कळावे,

आपली विश्वासू,
वसुधा कुलकर्णी
सभासद, बी विंग, सदनिका क्र. 304

सोबत : नोंदणीकृत करारनाम्याच्या पहिल्या पानाची प्रत, 23 ऑगस्टच्या संदेशाची छापील प्रत, 29 ऑगस्टच्या दोन्ही पावत्या, चेक वटल्याची नोंद असलेला बँकेचा उतारा, देणगीपत्राचा फोटो, 20 ऑक्टोबरचा ईमेल.