आईच्या घराची आखणी : रात्रीचे दिवे, गोळ्यांची आठवण आणि बटणं

ताई, रविवारी फोनवर ठरलं ते एका जागी लिहून काढलंय. सांगलीच्या घरात याहून जास्त काही बसवायचं नाही. आईच्या अटी दोनच: घरात कॅमेरा नको आणि तिच्या बटणांची जागा बदलायची नाही. दोन्ही मान्य केल्यात. म्हणून नेट गेलं किंवा एखादी वस्तू बिघडली तरी घर आजच्यासारखंच चालेल, अशाच वस्तू निवडल्यात.

रात्रीचे दिवे

पलंगापासून बाथरूमपर्यंत तीन ठिकाणी सॉकेटमध्ये खोचायचे छोटे दिवे: पलंगाच्या पायथ्याशी, पॅसेजच्या वळणावर आणि बाथरूमच्या उंबऱ्याजवळ, ओल्या भागाच्या बाहेर. अंधारात हालचाल झाली की लागतात, थोड्या वेळाने आपोआप विझतात. त्यांना नेट लागत नाही, ॲप लागत नाही. उजेड पिवळसर, २७०० केल्विनचा, आणि घोट्याच्या उंचीवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून वरची ट्यूब एकदम लागली की आईचे डोळे दिपतात, आणि नेमकं तेव्हाच उंबरा ओलांडायचा असतो.

एक अडचण आहे. हे सेन्सर अंगाची ऊब आणि आजूबाजूची हवा यांतला फरक ओळखतात. एप्रिल-मेमध्ये खोलीच अंगाइतकी तापली की ते कमी अंतरावरूनच ओळखतात, कधी चुकतातही. म्हणून पॅसेजमध्ये अर्ध्या वॅटचा एक एलईडी रात्रभर चालूच राहील. रोज दहा तास धरले तरी महिन्याला ०.१५ युनिट. (जुना 'झिरो'चा बल्ब पंधरा वॅटपर्यंत खायचा, हे आईला पटवताना दादाची दमछाक झाली.) हे चारही सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का, ते वायरमन आधी तपासेल.

कामाच्या मावशी पुसताना ही बटणं बंद करतात. त्यांवर हिरवी टिकली लावायची आणि मावशींना दाखवून ठेवायचं. चिकटपट्टी नको, आईला बंद करावंसं वाटलं तर करता आलं पाहिजे.

अंगणातला दिवा

बल्ब स्मार्ट घ्यायचा नाही. आई सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणार, आणि मग तो बल्ब मेलाच. त्याऐवजी बोर्डाच्या आत, बटणामागे रिले बसेल: दिवेलागणीला चालू, सकाळी सहाला बंद. जुनं बटण जसंच्या तसं. कधीही दाबलं तरी दिव्याची स्थिती बदलली पाहिजे. वायरमनने राउटर बंद करून हे दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

गोळ्या

माझा जुना फोन, सिम काढून, स्वयंपाकघरातल्या फळीवर. रोज दोन अलार्म: सहाला थायरॉइडची, साडेआठला नाश्त्यानंतर बीपीची. अलार्मला चिनूचा रेकॉर्ड केलेला आवाज. वाक्य मुद्दाम "गोळी घे" असं ठेवलं नाही. घेतल्यावर पुन्हा तेच ऐकलं की ती दुसऱ्यांदा घेईल, ही मला खरी भीती. चिनू म्हणेल, "आजी, डबी बघ." सात वारांची, रोजच्या दोन कप्प्यांची डबी, कप्पा रिकामा तर काम झालं. अलार्म व्हॉल्यूमच्या बटणाने बंद होईल असं सेटिंग करून ठेवलंय. दर रविवारी डबी भरताना तू व्हिडिओ कॉलवर असायचंस.

आपल्यासाठी

फ्रिजच्या दाराला वायफाय सेन्सर. पहाटे पाच ते आठमध्ये दूध काढायला दार उघडलं की तुला, मला आणि दादाला मेसेज. उलटं, म्हणजे "उघडलं नाही" असा मेसेज ठेवला, तर नेट गेल्यावर तोही येणार नाही आणि आपण निर्धास्त बसू. आठपर्यंत काही आलं नाही की मी फोन करेन. उचलला नाही तर शेजारच्या काकूंना. किल्ली त्यांच्याकडे आहे. आईला हे सगळं सांगितलंय, ती "बरं" म्हणाली. रात्रीचा आठचा फोन मात्र चालूच.

गॅस, गीझर आणि दाराचं कुलूप यांना हात लावायचा नाही.

फ्रिजवर लावायचा कागद (मोठ्या अक्षरात)

आई,
१. दिवा नको असेल तर त्याचं बटण बंद कर. काही बिघडत नाही.
२. अंगणातला दिवा नेहमीच्याच बटणाने.
३. चिनू बोलला की डबी बघ. फोनच्या बाजूचं लांब बटण दाबलं की तो गप्प बसतो.
४. कप्पा रिकामा असेल तर गोळी पुन्हा घेऊ नकोस. शंका आली तर आधी ताईला फोन.
५. गावाला जाताना आम्हाला आदल्या दिवशी सांग, नाहीतर सकाळी काकू दार वाजवतील.
६. नेट गेलं तर तुला काहीच करायचं नाही.