विषय : दुमजली घराच्या बांधकामासाठी सिमेंट, सळई व वाळू यांचे दरपत्रक मिळणेबाबत

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बांधकाम साहित्य विक्री विभाग

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तळमजला आणि वर एक मजला असे घर आम्ही बांधायला घेतले आहे. प्रत्येक मजला ९०० चौरस फूट, दोन्ही मिळून १८०० चौरस फूट. पायाची खोदाई झाली असून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फुटिंगचे काँक्रीट सुरू होईल. इंजिनिअरने काढून दिलेल्या अंदाजानुसार लागणारा माल खाली कळवत आहे.

सिमेंट एकूण ७२० गोण्या, ५० किलोची. त्यांपैकी ४३० गोण्या ओपीसी ५३ ग्रेड, आरसीसी कामासाठी; उरलेल्या २९० गोण्या पीपीसी, वीटकाम आणि प्लास्टरसाठी. दोन्हींचे दर वेगवेगळे द्यावेत आणि आपण कोणत्या कंपनीचा माल देणार तेही लिहावे. सगळे सिमेंट एकदम नको. साइटवरच्या खोलीत जेमतेम ६० गोण्या कोरड्या राहतात, त्यामुळे लागेल तसे मागवू. फक्त स्लॅबच्या आदल्या दिवशी १३० गोण्या एकत्र लागतील. पहिला स्लॅब मार्चअखेर, दुसरा मेच्या मध्यावर धरला आहे. गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा पाहूनच माल उतरवून घेऊ. सहा आठवड्यांपेक्षा जुना असेल तर परत पाठवू. मागे कुंपणाच्या भिंतीसाठी आणलेल्या सिमेंटच्या काही गोण्यांत मुठीत धरूनही न फुटणारे खडे निघाले होते. ती भिंत होती, हे घर आहे.

सळई टीएमटी, एफई ५००डी, एकूण ६६०० किलो : ८ मिमी २२०० किलो, १० मिमी १३०० किलो, १२ मिमी १७०० किलो आणि १६ मिमी १४०० किलो. सोबत ६० किलो बाइंडिंग वायर. दर किलोवर द्यावा, नगावर नको. वजन कागदावरच्या हिशोबाने धरणार की काट्यावर, हे दरपत्रकात स्पष्ट असावे; आम्हाला काट्याचीच पावती हवी. १२ मिमीची १२ मीटरची सळई साधारण साडेदहा किलोच्या वर भरते. प्रत्येक खेपेतल्या दोन-तीन सळया आम्ही तोलून पाहू आणि फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर काही म्हणणार नाही. प्रत्येक गाडीबरोबर कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र यावे.

वाळूबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दर कमी दिसतो आणि फटका मापात बसतो. काँक्रीटसाठी ९ ब्रास क्रश सँड, वीटकामासाठी १० ब्रास आणि प्लास्टरसाठी ८ ब्रास बारीक चाळलेली वाळू हवी आहे. वीटकाम-प्लास्टरसाठी नदीची वाळू आणि क्रश सँड, दोन्हींचे दर कळवावेत. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हेच माप धरू. १४ फूट लांब, ७ फूट रुंद गाडीत ३ फूट वाळू भरली तर ती २९४ घनफूट होते, म्हणजे पूर्ण तीन ब्राससुद्धा नाही. म्हणून गाडी रिकामी करण्यापूर्वी आमचा माणूस टेप लावून माप घेईल. शिवाय वाळू ओली असली की फुगते. बारीक वाळूचे आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकते. पाणी निथळत असलेली वाळू आणू नये, आली तर माप कसे धरायचे तेही दरपत्रकात असू द्या. काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवल्यावर मातीचा थर आठ टक्क्यांपेक्षा जाड बसला, तर ती गाडी घेणार नाही. वाळूची वाहतूक पावती प्रत्येक खेपेला लागेल.

दर साइटपोच हवेत. गाडीभाडे आणि हमाली त्यात धरली आहे का, जीएसटी वेगळा किती, हे स्वतंत्र ओळीत दाखवावे. साइटकडे येणारा रस्ता १२ फुटांचा आहे आणि शेवटच्या वळणावर मोठा ट्रक वळत नाही, म्हणून छोटी गाडी गृहीत धरूनच भाडे लावा. नंतर त्यावरून वाद नको.

ऑर्डरसोबत २५ टक्के आगाऊ आणि पुढे प्रत्येक खेपेनंतर आठ दिवसांत बिल चुकते, असे आम्ही ठरवले आहे. सिमेंट-सळईचे भाव हलत राहतात याची कल्पना आहे, तरी दर निदान ३० दिवस कायम ठेवावेत. त्यापुढे वाढ झाल्यास आठवडाभर आधी कळवावे. फुटलेल्या गोण्या कोण बदलून देणार, हेही लिहावे.

आपले दरपत्रक २० जानेवारीपर्यंत मिळाल्यास २५ तारखेला ऑर्डर देता येईल. आम्ही आणखी दोन ठिकाणी विचारणा केली आहे, पण निवड नुसत्या कमी दरावर होणार नाही. माप आणि माल चोख असेल तर किलोमागे थोडे जास्त मोजायची तयारी आहे. साइट पाहायची असल्यास कोणत्याही दिवशी सकाळी दहाच्या आत यावे, मी तिथेच असतो.

कळावे,

आपला विश्वासू,
मोहन जाधव

सोबत : इंजिनिअरच्या सहीचा सळईचा तक्ता